शालूसोबत पाठवलेली चिठ्ठी

लातूर जिल्हा नवा झाला आणि मला कलेक्टर कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नांदेडला वसतिगृहात राहून बी.ए. झालो होतो, आणि हे मी घरात कुणाला विसरू देत नव्हतो. वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करता करता वारले. मागे आई, मी आणि धाकटी बहीण.

कचेरी नवी, टेबलं उसनी, आणि दुष्काळ मात्र अस्सल. माझ्याकडे टँकरचं टेबल होतं. कोणत्या गावाला किती खेपा, हे दिवसभर लिहायचं आणि घरी येऊन आपल्याच गल्लीत टँकर कधी येतो याची वाट बघायची. बोअरच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजायची नाही. धुणं आठवड्यातून एकदा, तेही निम्म्या बादलीत.

त्यात बहिणीचं लग्न ठरलं. तिनं लहानपणापासून एकच सांगून ठेवलं होतं, की मी आईचाच शालू नेसणार. वांगी रंगाचा, लाल काठाचा, पदरावर जरीच्या कुयऱ्या. आईच्या आत्याला मूलबाळ नव्हतं. तिनं आपला शालू आईच्या लग्नात आईच्या अंगावर घातला होता. घरात दुसरं रेशीम नव्हतंच. पण कुठल्याशा जेवणावळीत पदरावर तूप सांडलेलं, तळहाताएवढा डाग पडलेला. शिवाय पेटीतला कुबट वास.

लातूरच्या लाँड्रीवाल्यानं हात जोडले. "रेशमाचं काम आमच्याच्यानं न्हाई व्हायचं." मला नांदेडच्या वसतिगृहाजवळची लाँड्री आठवली. तिथला म्हातारा मालक रेशमी कपडा टेबलावर पसरायचा तो आजारी माणसाला झोपवावं तसा. पण टंचाईच्या दिवसांत आम्हाला रजा बंद. शेवटी आमच्या गल्लीतल्या एसटी कंडक्टर काकांनी जबाबदारी घेतली. त्यांची रोजची नांदेड फेरी होती.

"नेतो की," ते म्हणाले, "पण मला त्यातलं घंटा कळत न्हाई. काय करायचं ते कागदावर लिवून द्या."

लिहून द्यायचं म्हटल्यावर मी खुर्चीत ताठ बसलो. आई समोर जमिनीवर. ती सांगत होती, मी लिहीत होतो.

"जरीवर इस्त्री थेट टेकवायची न्हाई म्हणावं. उलट्या अंगानं, वर सुती फडकं टाकून, कोमट."

मी लिहिलं, 'जरीच्या भागास तप्त इस्त्रीचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ नये.'

"पिळायचा न्हाई. खळ घालायची न्हाई. डांबरगोळ्या त्याच्यात ठेवायच्या न्हाईत, जरी काळी पडती. आन् जुन्याच घडीवर घडी घालू नका म्हणावं, तिथं रेशीम फाटतंय."

सगळं मी कलमवार लिहून काढलं. आठ कलमं झाली. मग मी स्वतःच्या अकलेनं नववं घातलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, 'सदर साडी गोदावरीच्या स्वच्छ व मुबलक पाण्यात दोन वेळा खळबळून काढावी.'

आई थबकली. "म्या तर कधी पाण्यात घातला न्हाई त्याला."

"तुला पाणी होतं कुठं घालायला? नांदेडला नदी आहे, आई."

ती जराशी हसली. "हाव, तेबी खरंच हाय. बिचाऱ्याला एकदा पोटभर पाणी मिळंल."

आता आठवलं की हसू येतं. चार-चार दिवस घागर घेऊन टँकरची वाट बघणारी माणसं आम्ही. आपल्या सगळ्यात मोलाच्या वस्तूचं कौतुक करायचं, तर तिला भरपूर पाणी द्यावं, याहून मोठं काही सुचलंच नाही. बहीण दारातून म्हणाली, "दादा, आईला विचार की एकदा नीट." मी म्हणालो, "तू गप बस. मी ग्रॅज्युएट आहे." खाली लफ्फेदार सही ठोकली, शेजारी 'बी.ए.'.

आईनं वडिलांचं जुनं धुतलेलं धोतर काढलं, शालू त्यात गुंडाळला आणि चिठ्ठी वर ठेवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कंडक्टर काका आले. हात रिकामे. शालू नाही, फक्त माझीच चिठ्ठी परत. आईचा चेहराच उतरला. चिठ्ठीच्या मागे पेन्सिलनं, मोठ्या अक्षरात उत्तर होतं, आणि टाचणीनं पांढऱ्या कापडाचा एक तुकडा लावलेला. बहिणीनं वाचलं:

'आठ कलमं शंभर टक्के बरोबर. ज्यानं कुणी सांगितली त्याला कापड कळतं. नववं मी करणार नाही. काठाच्या कोपऱ्याला ओलं फडकं लावून बघितलं, ते सोबत पाठवतो. घडीवर रेशीम विरलंय. पाण्यात घातला तर लाल रंग वांगी रंगात उतरेल आणि ओल्या वजनानं शालू घडीवर फाटेल. तुपाला पाणी काही करत नाही. आधी शंखजिऱ्याची भुकटी टाकून तूप ओढू, मग पेट्रोल वॉश. डाग साफ जाईल असं वचन देत नाही. कळवा, तोवर हात लावत नाही.'

पांढऱ्या फडक्यावर कुंकवासारखा लाल पट्टा उमटला होता.

 कंडक्टर काकांनी वर तोंडी निरोपही दिला. "लाँड्रीवाला मला म्हणला, ग्रॅज्युएट साहेबांना सांगा, रेशमाला तहान नसती."

बहीण फिसकन हसली. आईनं ते फडकं बोटांत धरलं, उजेडाकडे केलं. मला वाटलं आता बोलणार. बोलायला हवंच होतं. पण ती म्हणाली, "भला माणूस हाय. वाचून, इचार करून, थांबला. दुसरा असता तर चिठ्ठीत लिवलंय म्हणून बुचकळून मोकळा झाला असता."

"चूक माझी आहे, आई."

"तुझी कशी? म्याच हाव म्हणले की." मग फडक्याची घडी घालत, "तू लई शिकलास म्हणून मी जास्ती इचारलं न्हाई."

ते मला जास्त लागलं. मी नवा कागद घेतला. या वेळी खुर्चीत बसलो नाही, तिच्याजवळ खाली बसलो.

"काय लिहू?"

"लिव, लाँड्रीवाले दादा, तुमच्या हातानं जसं बरं वाटंल तसं करा. डाग ऱ्हायला तर ऱ्हाऊ द्या, शालू ऱ्हायला पायजे. माझ्या लेकीला नेसायचाय."

मी अक्षर न् अक्षर तसंच लिहिलं. 'ऱ्हायला'सुद्धा. शेवटी लिहिलं, 'पहिली आठ कलमं सांगणारी माझी आई. हेही तिनंच सांगितलंय.' वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "माझं कशाला घातलंस?" पण खोडायला सांगितलं नाही.

लग्नाच्या चार दिवस आधी शालू आला. त्याच धोतरात, पण घड्या नव्या ठिकाणी, आणि घडीघडीत सुती कापड. जरी जुन्या पितळेसारखी शांत चमकत होती. डागाची सावली उरली होती. कुठं होता ते माहीत असलेल्यालाच दिसावी एवढी.

लग्नाच्या सकाळी टँकर आला होता, त्यामुळे मांडवात सगळे खुशीत. बहिणीला शालू नेसवताना आईनं पदर असा काढला की ती सावली आतल्या चुणीत गेली. बहीण पाटावर बसली. कुणीतरी पाहुणी पाय धुवायला भरलेला तांब्या घेऊन पुढं आली, आणि मी आणि आई दोघंही एकदम ओरडलो, "पाणी नको!"

दुष्काळातलं लग्न. पाहुण्यांना वाटलं, पाण्याची काटकसर चाललीय. बहिणीनं मात्र माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून हसली.