ड्रमवरचं ओलं गोणपाट

मशीनच्या तेलाचा दोनशे लिटरचा ड्रम आमच्या पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा उतरला, त्या दिवशी मी उगाच छाती काढून फिरत होतो. इतकी वर्षं वीस लिटरच्या बादल्या आणायचो, दर महिन्याला ऐन कामात तेल संपायचं. आता एकदम ड्रम! त्याला हार घातला, नारळ फोडला.

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, आमचे मुख्य फिटर. धुळ्याहून मीच त्यांना बोलावून घेतलेलं. बोलणं मोजकं, हात मात्र सोन्याचा. ते म्हणाले, "ड्रम सावलीत घे. पंप बसवल्यावर तोंड पक्कं बंद राहत नाही. आणि उघडलेलं तेल सहा महिन्यांत संपव, झाकणावर तारीख टाक." तारीख मी टाकली. ड्रम मात्र बाहेर पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीलाच उभा राहिला, कारण आत जागा नव्हती आणि मला वेळ नव्हता.

मे महिना लागला. ड्रमला हात लावला की चटका बसायचा. आमच्या गावाकडे उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळतात, तसं मी ड्रमवर ओलं गोणपाट टाकायला लागलो. दुपारी दोनदा पाणी शिंपडायचं. महागाचं तेल गार राहिलं पाहिजे ना! मी स्वतःवर फार खूश होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मोठा लेथ घरघरला आणि थांबला. गिअरपेटीची काच बघितली तर आत तेल नाही, ताक! खरंच, पांढरंफट्ट. पेटी उघडली तर बेअरिंग गेलेली, एका गिअरचे दात खाल्लेले. एका डाईंग मिलचा शाफ्ट त्याच लेथवर होता, उद्या द्यायचा होता.

त्या आठवड्यात तेल दाजींनी भरलं होतं. मग काय, माझी जीभ सुटली. "तेलाचं माप धुऊन तसंच ओलं वापरलंत ना? डोळे फुटले होते का? नातं आहे म्हणून काहीही चालवून घेऊ?" सगळे कामगार बघत होते. दाजींनी एकदा ड्रमच्या भिंतीकडे पाहिलं, हात पुसले, जेवणाचा डबा उचलला आणि गेले. उद्यापासून येऊ नका, असंही मी मागून ओरडलो. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मग तेलवाल्याला फोन करून त्यालाही झापलं, भेसळ केलीस म्हणून. त्याचा माणूस तासाभरात आला. त्याने माझ्याशी वाद घातलाच नाही. एक पारदर्शक नळी ड्रमच्या तळापर्यंत सोडली आणि काचेच्या बाटलीत तेल ओढलं. बाटलीत खाली स्वच्छ पाणी, वर तेल.

"ये बोरी किसने रखी?" त्याने विचारलं.

उत्तराची वाट न बघता तो समजावून सांगायला लागला. उन्हाने ड्रम तापतो, आतली हवा फुगून तोंडातून बाहेर जाते. वर गार पाणी पडलं की ड्रम आकसल्यासारखा हवा परत आत ओढतो, आणि तोंडाभोवती साचलेलं पाणीही सोबत जातं. ते तळाशी बसतं. पंपाची नळीही तळाशीच, म्हणजे मापात तेलासोबत पाणीही येणार. लेथमध्ये ते घुसळलं की ताक होणारच. ड्रम सीलबंद असता तर आडवा ठेवायचा, मोठं आणि लहान अशी दोन्ही तोंडं तेलाखाली राहतील असा, हेही त्याने सांगितलं. मला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं.

तसाच जवळच्या उधन्याला दाजींच्या खोलीवर गेलो. दार ताईने उघडलं.

"अरे, ये! आज लवकर सुट्टी दिलीस? हे म्हणाले, तेलात पाणी निघालं, मशीन बंद आहे. तुझं फार नुकसान झालं का रे?"

म्हणजे माझ्या बोलण्याबद्दल दाजी घरी काहीच बोलले नव्हते. दाजी कोपऱ्यात कांदा चिरत बसले होते.

"दाजी, गोणपाट माझं होतं," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"काच बघितली तेव्हाच."

"मग तेव्हाच का नाही बोललात? मी एवढं वाटेल ते बोलत होतो!"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "सगळ्या कामगारांसमोर? त्यांच्यावर तुला उद्याही हुकूम चालवायचाय ना."

ताई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. काय झालं ते तिला मीच सांगितलं, सगळं, माझ्या तोंडचे शब्दसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार जमल्यावर तेच परत सांगितलं, दाजींना शेजारी उभं करून. शाफ्ट उशिरा गेला, मिलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. त्या मी मान खाली घालून ऐकल्या.