एकतीस मेचा राजीनामा

राजीनामा द्यायला अक्कल लागते हे मला चिटणीस होईपर्यंत ठाऊक नव्हते. जळगावात आम्ही काही मास्तर, कारकून, एक वकील आणि एक कापसाचे अडते अशा मंडळींनी सहकारी गृहनिर्माण सोसायटी काढली होती. गावाबाहेर जमीन घेतली, घरे बांधली, आणि वार्षिक सभेत मला कमिटीवर निवडून दिले. कमिटीने मला लगेच चिटणीस केले. मी त्या वेळी पान आणायला बाहेर गेलो होतो. परत येऊन पाहतो तर सोसायटीचा शिक्का माझ्या पाटावर.

तीन वर्षे तो शिक्का मी सांभाळला. मग धुळ्याच्या एका शाळेने मला हेडमास्तर नेमले. पत्राच्या शेवटी अट होती. आधीचे हेडमास्तर गावच्या कसल्याशा मंडळाचे पदाधिकारी होते आणि दर शनिवारी सभेला पळत. तेव्हा नव्या माणसाने आपल्याकडे दुसरे कोणतेही पद नाही असा कागद एकतीस मेपर्यंत पाठवावा, नाहीतर नेमणूक रद्द समजावी. वर्गात खडू झिजवून बारा वर्षे झाली होती. हेडमास्तरची खुर्ची पुन्हा चालून येईल अशी लक्षणे नव्हती.

मी राजीनामा लिहिला. काय लिहिला होता तो. 'आपण सर्वांनी दिलेले प्रेम हीच माझी मिळकत' इथून सुरुवात, आणि 'लवकरात लवकर मोकळे करावे' इथे शेवट. कमिटीत मी तो उभा राहून वाचला. 'मिळकत' शब्दावर आवाज थोडा जड केला. आमचे अध्यक्ष नाना, मामलेदारीतून पेन्शन घेतलेले, डोळे मिटून ऐकत होते.

"मास्तर, असं पत्र लिहिणारा चिटणीस सोडायचा कसा?" ते म्हणाले.

अडते मूळचे शिंदखेड्याकडचे. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांनी शेवेची बशी माझ्याकडे सरकवली. "पत्र भारी शे. पन मंजूर नही. बठ्ठं काम तुम्हीच करतस." बठ्ठं म्हणजे सगळं, आणि ते खोटे नव्हते.

आमच्याकडे पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी वाढणारा बोटांच्या फटीतून वाढतोच. राजीनाम्याचीही तीच रीत. आधीच्या चिटणीसांचे तीन राजीनामे फायलीत होते. तिन्ही गोड शब्दांत परत केलेले. राजीनामा म्हणजे आग्रह करून घेण्याची संधी, अशीच सगळ्यांची समजूत होती. पोटनियमाप्रमाणे तर कमिटीने मंजूर केल्याशिवाय राजीनाम्याला अर्थ नाही. वर गंमत अशी, की ठराव लिहायचे काम चिटणीसाचे. तेव्हा 'चिटणीसांचा राजीनामा सर्वानुमते नामंजूर' हे वाक्य प्रोसिडिंग बुकात माझ्याच हस्ताक्षरात आहे. अक्षर चांगले आले होते.

घरी मी हा प्रसंग रंगवून सांगितला. बायको तांदूळ निवडत होती.

"तारीख लिहिली होती का?"

"लवकरात लवकर असं लिहिलं होतं."

"दूधवाल्याला दूध बंद करायला सांगतानासुद्धा आपण तारीख सांगतो हो. तुम्ही तर राजीनामा देताय."

दुसरे पत्र मी तिच्यासमोर बसून लिहिले. प्रेमाची ओळ तशीच ठेवली, कारण ती खरी होती. नानांकडून कायद्याचा कागद वाचायला शिकलो, आबांनी दर पावसाळ्यात रस्त्यावर मुरूम टाकून दिला, हेही लिहिले. मग खाली लिहिले: 'एकतीस मेच्या सायंकाळनंतर मी या पदावर राहू शकणार नाही. ही तारीख बदलता येण्याजोगी नाही. तत्पूर्वी दप्तर, नकाशे, किल्ल्या व शिक्का मी स्वतः मोजून ताब्यात देईन.' बायकोने 'क्षमस्व' खोडायला लावले. तिच्या मते त्या शब्दात दार किलकिले राहत होते.

सभेची नोटीस काढली. विषय एकच, चिटणीसांचा राजीनामा. सभेला मी आणि नाना. कोरमला चार माणसे लागत. आबा जामनेरच्या बाजाराला गेले होते, बाजाराचा वार नसताना. वकीलसाहेबांना अचानक ताप आला होता, पण त्यांच्या ओसरीतून पत्त्यांचा आवाज येत होता.

मे संपायला आठ दिवस उरले. मी पुन्हा नोटीस काढली. विषय पहिला, चिटणीसांचा राजीनामा. विषय दुसरा, विहिरीची वाट कोणाच्या फाटकाजवळून काढायची.

या वाटेवरून सोसायटीत वर्षभर कोणी कोणाच्या घरी नीट चहा प्यायला नव्हता. वाट ज्याच्या खिडकीखालून जाणार त्याच्या कानाशी पहाटेपासून हंडे वाजणार. आणि सोपा रस्ता वकीलसाहेबांच्या खिडकीखालूनच होता.

सभेला कमिटीचे सातही जण हजर. ताप उतरला होता.

"आधी वाटेचं घ्या," वकीलसाहेब म्हणाले.

नाना ताठ झाले. "नोटिशीत जो क्रम, तोच सभेत. अठ्ठावीस वर्षं मी असंच काम केलंय."

"मग राजीनामा नामंजूर, आणि पुढं चला."

"ते तुम्ही लिहून घ्या," मी म्हणालो. "माझ्याच विषयाचा ठराव मीच लिहिणं बरं दिसत नाही. मागच्या वेळी चूकच झाली." आणि लेखणी दौतीशेजारी ठेवून हात मांडीवर घेतले.

लेखणीकडे सगळे पाहू लागले. जो ती उचलेल तो पुढचा चिटणीस, हे कोणी न बोलता सगळ्यांना कळले. आबा पानाला चुना लावू लागले, चांगला सावकाश. एक जण छताकडे बघत होता. नानांनी घड्याळ काढले.

"ठराव लिहिला नाही तर दुसरा विषय घेता येणार नाही. सभा तहकूब करू का?"

"मंग वाट आपलीआप पडी जाई," आबा म्हणाले. "बाया रोज जातसच ना, वकीलसाहेबांच्या खिडकीखालून."

वकीलसाहेबांनी लेखणी उचलली.

ती उचलल्यावर मात्र ते खरे वकील झाले: लेखणी ज्याच्या हाती, वाटेचा ठरावही त्याच्याच हाती. 'राजीनामा एकतीस मेच्या सायंकाळपासून मंजूर. रिकाम्या जागी चिटणीस म्हणून स्वतः प्रस्तुत लेखक.' नानांनी सही केली. नक्कल माझ्या हाती आली. दुसरा विषय पाच मिनिटांत संपला, वाट मागच्या कुंपणाकडून गेली. मी ती नक्कल त्याच दिवशी धुळ्याला रवाना केली.

एकोणतीस मेला धुळ्याहून उत्तर आले. कागद मिळाला, नेमणूक पक्की. मात्र शाळेच्या छपराचे काम चालू असल्याने हजर पंधरा जूनला व्हावे.

पहिला विचार मनात आला तो लाजिरवाणा होता. सात जूनला वार्षिक सभा होती, आणि तिच्यामागे भरिताचे जेवण. अहवाल मी लिहिलेला, आणि तो वाचावा कोणी, तर वकीलसाहेबांनी? ते 'निवेदन' शब्दाला धक्के देत वाचतात. मी नानांकडे गेलो. सहज म्हणालो, "आठवडाभर आणखी राहायला माझी हरकत नाही. तुमची अडचण होऊ नये."

नानांनी दप्तरातून माझे पत्र काढले, चष्मा लावला आणि वाचले, "'ही तारीख बदलता येण्याजोगी नाही.' मास्तर, वाक्य सुंदर आहे. मी त्याला हात लावणार नाही."

एकतीसला सायंकाळी मी दप्तर, नकाशे, पाच किल्ल्या आणि शिक्का मोजून दिले. सातला वार्षिक सभेत मी मागच्या सतरंजीवर सभासद म्हणून बसलो. वकीलसाहेबांनी अहवाल वाचला, धक्के देत. जेवताना आबा भरिताचे भांडे घेऊन माझ्या पानाशी आले. मी सवयीने हात आडवा धरला.

ते पुढे निघून गेले.