पानाच्या पत्त्यात राहिलेला शब्द

माझ्या वहिनीला ओळखीपाळखीचे लोक टेम्पोवाली म्हणतात. तिच्याकडे टेम्पो सोडाच, साधी सायकलसुद्धा नाही. ती लोकांचे ब्लॉग एका घरातून दुसऱ्या घरात हलवते. एखादा प्लॅटफॉर्म बंद पडतो, भाडं वाढवतो, नाहीतर जाहिरातींनी भरून जातो. मग माणसं तिथून आपला ब्लॉग एका फायलीत उतरवून घेतात आणि ती फाईल घेऊन आमच्या खोलीवर येतात. त्या एकाच लांबलचक फायलीत सगळ्या पोस्टी, तारखा आणि प्रतिक्रिया कोंबलेल्या असतात. त्यातून वहिनी प्रत्येक पोस्टीची वेगळी, साध्या मजकुराची मार्कडाउन फाईल काढते. मथळ्याआधी हॅश, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुल्या, एवढाच नट्टापट्टा. फायलीच्या अगदी वर तीन डॅशची एक ओळ, थोडं खाली तशीच दुसरी, आणि मधे पोस्टीचं नाव, तारीख, वर्ग, पत्ता. याला फ्रंट मॅटर म्हणतात. आम्ही घरात कपाळपट्टी म्हणतो.

मी तिची नणंद. तिच्या कामातल्या चुका काढणं हा माझा हक्कच आहे, आणि योगायोगाने मी मुद्रितशोधकही आहे. ती फायली करते, मी तपासते. वहिनीचा एकच नियम: सामान हलवणाऱ्याने फुटका कपसुद्धा नेऊन ठेवायचा, फेकायचा नाही. लोकांचं चुकीचं शुद्धलेखनसुद्धा ती मला सुधारू देत नाही. यावरून आमचं कडाक्याचं वाजलेलं आहे.

त्या दुपारी जे काका आले ते निवृत्त ड्राफ्ट्समन होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात अजून दोन पेन्सिली. त्यांनी पेन ड्राइव्ह टेबलाच्या कडेला अगदी समांतर ठेवला.

"मुलीचा ब्लॉग आहे. ती जाऊन सहा वर्षं झाली. कंपनी महिन्याअखेर सगळं बंद करतेय."

"पत्ता कंपनीचाच की तुमचा स्वतःचा?" वहिनीने विचारलं.

"तिने स्वतःच्या नावाचा घेतला होता. मी दरवर्षी पैसे भरतो त्याचे."

"मग जुने दुवे चालू राहतील, काका. काळजी करू नका."

ते उठले नाहीत. शर्टाची बाही खाली ओढत म्हणाले, "ती असताना मी यातलं एक अक्षर वाचलं नाही. निवृत्त झालो, त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा उघडला. त्यात एक पोस्ट आहे, 'बाबा आज आले'. मी दवाखान्यात आलो, खुर्चीत बसलो, काही बोललो नाही, पण बसलो, असं लिहिलंय." त्यांनी पेन ड्राइव्ह पुन्हा समांतर केला. "मी गेलोच नव्हतो. मला त्या नळ्या बघवायच्या नाहीत. खालच्या फाटकापर्यंत जायचो आणि परत यायचो. ती पोस्ट तेवढी नीट न्या, ताई. बाकी काही सांडलं तरी चालेल."

ते गेल्यावर वहिनी बराच वेळ पेन ड्राइव्हकडे बघत बसली. मी म्हटलं, "आता काय त्याची पूजा करणार आहेस?" मला गलबलून आलं की मी असलंच काहीतरी बोलते.

काम सरळ होतं. वहिनीची स्क्रिप्ट, म्हणजे हे काम आपोआप करणारा तिचा छोटा प्रोग्राम, चालली आणि फोल्डर फायलींनी भरला. फायलीचं नाव ती तारीख आणि स्लग जोडून करते. स्लग म्हणजे पानाच्या पत्त्याचा शेवटचा तुकडा. पोस्ट पहिल्यांदा प्रसिद्ध होते तेव्हा तिच्या मथळ्यावरून तो आपोआप तयार होतो, आणि पुढे मथळा बदलला तरी मुद्दाम हात लावल्याशिवाय बदलत नाही. मराठी असला तर तो फायलीत टक्क्यांच्या चिन्हांनी आणि आकड्यांनी भरलेला असतो. वहिनीने तो उलगडून पुन्हा मराठी अक्षरांत आणला, आणि मी तपासायला बसले.

पहिल्याच फायलीत मथळा होता 'आज डोकं हलकं आहे'. स्लग होता 'आज-डोकं-फुटतंय'.

मला वाटलं, स्क्रिप्टने ओळी एकमेकींत मिसळल्या. "वहिनी, हे घे. तुझा टेम्पो उलटलाय."

तिने मूळ फाईल उघडून पाहिली. तिथेही तसंच होतं. पुढच्या पोस्टीचा मथळा 'भूक लागली', स्लग 'जेवण-जात-नाही'. त्यापुढे 'छान झोप', आणि स्लगमध्ये 'पुन्हा-जागीच'. मी एकेक उघडत गेले, सगळीकडे तेच. वर हसरी पोरगी, खाली तीच पोरगी कण्हत होती.

"मथळे नंतर बदललेत," वहिनी म्हणाली. "पूर्वीचा मजकूर मिळायचा नाही. हा प्लॅटफॉर्म जुनी आवृत्ती ठेवत नाही, नवं सेव्ह केलं की जुनं गेलं."

"बदलले असतील तिनेच. बरं वाटल्यावर."

वहिनी पुन्हा मूळ फायलीकडे वळली. फायलीत प्रत्येक पोस्टीची शेवटच्या बदलाची तारीखही असते. तिने ती कपाळपट्टीत घेतली आणि सगळ्यांची यादी काढून स्क्रीन माझ्याकडे वळवला. एकूण एक तारखा मुलगी गेल्यानंतरच्या होत्या. काही तीन वर्षांपूर्वीच्या, काही या महिन्यातल्या. लेखकाच्या जागी सगळीकडे तिचंच नाव.

बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर कुणीतरी गाडी धुत होतं. तरी मी उठून दार लावून घेतलं.

मग वहिनीने ती पोस्ट उघडली. मथळा 'बाबा आज आले'. स्लग 'बाबा-आज-आले-नाहीत'.

शेवटचा बदल काका निवृत्त झाले त्याच्या आदल्या दिवशीचा. निवृत्तीची तारीख वहिनीने त्यांना फोन करून, दुसरंच काहीतरी निमित्त काढून, विचारून घेतली.

फोटोंसाठी आम्हाला त्यांच्या घरी जावंच लागणार होतं. अशा फायलीत फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, आणि पुष्कळसे पत्ते मेलेले होते. मूळ फोटो मुलीच्या लॅपटॉपवर होते. काकांनी आम्हाला खालून लिफ्टने वर नेलं. "ही गेल्या वर्षी बसली," ते म्हणाले. "तिच्या वेळी जिनेच होते."

मी वहिनीचा दंड धरला. आदल्याच दिवशी मी मुलीची सात वर्षांपूर्वीची एक पोस्ट तपासली होती. तिच्यात लिहिलं होतं, 'आज लिफ्टने खाली गेले, अजिबात दम लागला नाही.'

आतल्या खोलीत पलंगावर ताजी चादर होती. खिडकीपाशी टेबलाशी काकू बसल्या होत्या आणि पुढे लॅपटॉप उघडा होता. काका पाणी आणायला गेले. वहिनीने सरळ विचारलं, आणि काकूंनीही सरळ सांगितलं.

"हो, मी करते. तिचं खातं इथे उघडंच राहिलं होतं. फार सोसलं हो तिने, आणि सगळं लिहून ठेवलं. मी रोज दुपारी थोडं थोडं बरं करते. एका दिवसाचं दुखणं तरी काढून टाकते. लिफ्ट आली तेव्हा वाटलं, तिलाही बसवावं."

मला एकदम हलकं वाटलं. भूतबित काही नाही, आई आहे. मला हसूसुद्धा येणार होतं.

"आणि दवाखान्यातली? बाबा आले ती?" वहिनीने विचारलं.

काकूंनी नजर वळवली. "ती मी कधी उघडली नाही. हे आले नाहीत असं आहे तिच्यात. ती आली की मी पुढे जाते. ती यांच्यासाठी तशीच राहू दे म्हटलं."

"काकू, त्यात आले असं आहे."

"नाही."

वहिनीने त्यांच्याच लॅपटॉपवर ती पोस्ट उघडली. काकूंनी चष्मा लावून वाचली. मग पुन्हा वाचली. चष्मा काढून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी काहीतरी सांगणार होते.

"हे मी नाही लिहिलं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी 'खुर्ची' लिहीनच कशाला? तिथे खुर्ची नव्हती. स्टूल होतं. दोघींनाच ठाऊक आहे ते, तिला आणि मला. मोडकं होतं, म्हणून ती म्हणायची, बाबा आले तर त्यांना खुर्ची मागून घे हं."

काका पाण्याचे पेले घेऊन आत आले. आम्ही तिघी पाणी प्यायलो. फोटो उतरवून घेतले आणि निघालो. लिफ्ट समोर उभी होती, तरी आम्ही जिन्याने उतरलो.

रस्त्यावर मी म्हटलं, "खोटं बोलतेय बाई. नाहीतर विसरली. रोज बदलणारीला काय आठवणार?" मी अजूनही तेच म्हणते. मोठ्याने म्हणते.

खोलीवर आल्यावर वहिनी त्या एका फायलीपाशी अडून बसली. स्लग तसाच ठेवला तर काका फोल्डर उघडताक्षणी फायलीच्या नावात 'नाहीत' वाचणार. तिने माझ्याकडे पाहिलं. मी, चुका काढायचा हक्क असलेल्या बाईने, खिडकीबाहेर पाहिलं. कळ दाबल्याचे लहान लहान आवाज आले. वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी फुटका कप फेकला.

नवी साइट बघायला काका आले. वहिनीने त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि तीच पोस्ट उघडून दिली. त्यांनी खाली वाचलंच नाही. ते स्क्रीनच्या सगळ्यात वर, पत्त्याच्या पट्टीकडे बघत होते.

"ताई, इथे एक शब्द होता."

मी वहिनीकडे पाहिलं.

"मी पहिल्याच दिवशी पाहिला होता तो. नकाशे काढण्यात जन्म गेला माझा. कागद हातात आला की मी आधी कडा बघतो." त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने स्क्रीनला न टेकवता ती जागा दाखवली. "परत घाला. पोरीचं तेवढंच उरलंय. खालचं सगळं तिच्या आईने लिहिलंय, मला कळतं. माझ्यासाठीच लिहिलंय. बिचारी. मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, तुम्हीही दाखवू नका."

वहिनीने मान हलवली. तिने फाईल उघडली, कपाळपट्टीत 'नाहीत' टाकलं, फायलीचं नाव पूर्ववत केलं, साइट पुन्हा तयार केली. काकांनी पत्ता नजरेने शेवटपर्यंत वाचला आणि मगच ते मजकुरावर आले.

"फक्त एक कळत नाही," वाचता वाचता ते म्हणाले. "हिने खुर्ची का लिहिलं? फाटकावरून परत फिरताना मी रोज मनात म्हणायचो, वर खुर्ची असेल तर जाईन. हे मी हिला कधी सांगितलं नव्हतं."