सरांनी स्वतः लिहिलेली शिफारस

धुळ्याच्या लॉ कॉलेजातून पदवी घेऊन मी जळगावात एका वकीलबाईंकडे ज्युनिअर म्हणून काम करत होते. कामगार कायद्यात एलएल.एम. करायला इंग्लंडला जायचं, हे मनाशी पक्कं केलं होतं. अर्जाला दोन शिफारसपत्रं लागत होती. एक वकीलबाई देणार होत्या. दुसरं शिकवलेल्या प्राध्यापकाचं हवं होतं, आणि मला कामगार कायदा शिकवणारे सर सोडून दुसरं कुणी डोळ्यांसमोर येईना.

मी त्यांना सविस्तर ईमेल लिहिली. कुठला अभ्यासक्रम, का करायचाय, शेवटची तारीख कधी. सोबत गुणपत्रक, बायोडेटा आणि उद्देशपत्राचा मसुदा जोडला. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला.

"अभिनंदन. आता असं कर, पत्र तूच छान लिहून आण. मी सही करतो."

"सर, ते पत्र तुम्हीच लिहायचं असतं. विद्यापीठ तुम्हाला थेट लिंक पाठवणार. मी ते बघायचं पण नाही."

"अगं, सगळे असंच करतात."

"माहीत आहे सर. पण मला तसं नको."

ते "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. अब्बा शेजारीच पत्र्याच्या कपाटाला रंग देत होते. जळगावात त्यांचं कपाटांचं छोटं दुकान आहे. ते म्हणाले, "सर स्वतःहून म्हणतायत लिहून आण, तर आण ना बेटा. नाराज झाले तर?"

मलाही तीच भीती होती. पण जिथे कायदा शिकायला जायचं, तिथल्या अर्जातच दुसऱ्याच्या नावाने स्वतःची तारीफ लिहायची, हे मला जमणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोर्टातून सुट्टी घेतली आणि धुळ्याची एसटी पकडली.

सर स्टाफरूममध्ये एकटेच होते. मला बघून हसले, मग जरा गंभीर झाले.

"खरं सांगू? तीन ओळींचे दाखले मी शेकड्याने दिलेत. 'विद्यार्थिनी अभ्यासू व वर्तन चांगले.' असं सविस्तर पत्र मला कधी कुणी मागितलंच नाही. आणि माझं इंग्रजी कोर्टापुरतं."

"इंग्रजी साधंच असू दे सर. मी वर्गात काय केलं ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

मी पिशवीतून माझा जुना प्रकल्प काढला. यावल भागात केळीच्या गाड्या भरणाऱ्या मजुरांवर तो होता. मजूर ठेकेदाराचे, पण गाडी भरताना कुणी जखमी झालं, तर भरपाई मूळ व्यापाऱ्याकडून मागता येते का, असा प्रश्न. भराई हा व्यापाऱ्याच्या नेहमीच्या धंद्याचाच भाग आहे, म्हणून येते, असं मी मांडलं होतं. सरांनी तो दोनदा परत पाठवला होता. समासात त्यांचे लाल शेरे होते: 'पुरावा कुठे?', 'मजुरांशी बोललीस का?'

सरांनी पानं उलटली. स्वतःचेच शेरे वाचत गेले.

"तू यावलला परत गेली होतीस, नाही का?"

"तीनदा."

"हेच लिहितो," ते म्हणाले.

आठवड्यात पत्र गेलं. सरांनी फोन करून एक गोष्ट स्वतःच सांगितली. फॉर्ममध्ये विद्यार्थिनीची वर्गाशी तुलना करायची होती. "सर्वोत्तम म्हणून खूण केलेली नाही. तुझ्या वर्गात तुझ्याहून हुशार एक मुलगा होता. पण तुझ्याइतकं चिवट कुणी नव्हतं, तेही लिहिलंय."

मला लागलं. तरी म्हटलं, "बरोबर आहे सर."

प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली नाही. तिच्याशिवाय जाणं शक्यच नव्हतं. अब्बा दुकान गहाण ठेवायचं बोलू लागले. मी साफ नाही म्हटलं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचं ठरवलं आणि ती वेळ आल्यावर सरांना ईमेल टाकली. मागचंच पत्र पाठवलं तरी चालेल, असंही लिहिलं.

लगेच फोन. "जुनं कशाला? वर्षभर काय केलंस ते सांग."

त्या वर्षी वकीलबाईंनी नरडाण्याच्या एका कारखान्यात बोटं गमावलेल्या कामगाराची भरपाईची केस मला चालवायला दिली होती. तोही ठेकेदाराचाच माणूस, आणि कारखाना हात वर करत होता. प्रकल्पातला तो मुद्दा मी प्रत्यक्ष मांडला आणि आदेश आमच्या बाजूने लागला. मी आदेशाची प्रत सरांना पाठवली.

"ह्या वेळी पत्र लांबेल," ते म्हणाले.

उन्हाळ्यात शिष्यवृत्तीचं पत्र आलं. मी पहिला फोन अब्बांना केला, दुसरा सरांना. सर वर्गावर होते. मधल्या सुट्टीत त्यांचाच फोन आला. बातमी ऐकून ते म्हणाले, "तिथे गेलीस की प्रबंधाचा विषय आधी मला कळव. दोनदा तरी परत पाठवणार."