पन्नास नंबरचा सर्व्हर

आमच्या रसायन कंपनीचा कारखाना रोह्याला होता आणि विक्रीचं ऑफिस पेणला. मालक दोन, चुलतभाऊ, एक रोह्याला बसायचा, दुसरा पेणला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोघांचं बोलणं बंद झालं होतं आणि त्यांचं भांडण आम्ही नोकर माणसं चालवत होतो. मी रोह्याला कॉम्प्युटर सांभाळायचो. पेणच्या ऑफिसात मॅनेजर होता, तो मला नावाने कधी हाक मारत नसे. "ए रोहा" म्हणायचा.

कंपनीची सगळी मेल तेव्हा रोह्याच्या सर्व्हरवर पडायची. पेणची माणसं फोनलाइनवरून ती उतरवून घेत. मॅनेजरला पक्कं वाटत होतं की त्यांची मेल आम्ही वाचतो. आम्ही वाचत नव्हतो. पण त्याने तसं चारचौघांत म्हटल्यापासून वाचावी असं मला वाटू लागलं होतं, हेही खरं.

मग पेणच्या मालकाने स्वतःची लीज लाइन, म्हणजे इंटरनेटची कायम चालू जोडणी घेतली, सर्व्हर आणला. मला बोलावणं आलं. मी एसटीने गेलो. मॅनेजरच्या केबिनमध्ये उभं राहूनच त्याला समजावलं. जगात कुणीही आपल्या कंपनीच्या पत्त्यावर मेल पाठवली, की त्याचा सर्व्हर आधी विचारतो, या डोमेनची मेल कुठे द्यायची? उत्तर आपल्या डोमेनच्या नोंदींत असतं. त्यांना एमएक्स म्हणतात. आता तिथे एकच नाव आहे, रोह्याचं, आणि त्याच्यापुढे आकडा दहा. पेणचंही नाव घालता येईल, त्याला वेगळा आकडा द्यायचा.

"आम्हाला पन्नास दे," मॅनेजर म्हणाला.

"साहेब, लहान आकडा आधी. पाठवणारा दहावाल्याकडे जातो. तो उचलत नसेल तरच पन्नासवाल्याकडे."

"दहा मोठे की पन्नास मोठे?"

"पन्नास. पण इथे—"

"मग? ए रोहा, तुझ्या मालकाने पढवून पाठवलंय ना तुला? पेण खाली, रोहा वर. पन्नास लिही."

बाहेरच्या टेबलांवरची माणसं हसली. हसली नाही ती फक्त एक्स्पोर्टची क्लार्क. जवळच्या जिते गावची मुलगी, वडील मिठागरावर कामाला. प्रोबेशनवर होती. महिनाअखेर तिला कायम करायचं की काढायचं, हे मॅनेजर ठरवणार होता. ती रोज गाडीने येई आणि परदेशी गिऱ्हाइकांच्या मेलची उत्तरं लिही; पेणची बहुतेक मेल तिच्याच नावाने यायची. मला पाणी तिनेच आणून दिलं.

मी पन्नास लिहिलं. डोमेनच्या नोंदी मुंबईची इंटरनेट कंपनी ठेवायची. लेटरहेडवर सही घेऊन फॅक्स केला. पेणच्या सगळ्या मशिन त्यांच्या नव्या सर्व्हरला जोडून दिल्या. आता ती माणसं रोह्याच्या सर्व्हरकडे बघणारच नव्हती. परत येताना गडब गावाजवळ एसटी थांबली, मी चहा घेतला आणि मनात म्हणालो, घे पन्नास.

दोन दिवसांनी नोंद लागू झाली आणि नेमकी त्या दिवशी आमच्या इंडस्ट्रियल एरियात दुरुस्तीसाठी लाइट बंद. जनरेटर फक्त प्लांटला. ऑफिस काळोखात, माझा सर्व्हर बंद. साहजिकच दहावाला उत्तर देईना, म्हणून सगळी मेल पन्नासवाल्याकडे, पेणला पडली. दुपारी मॅनेजरचा फोन.

"ए रोहा! काय बोललो होतो? धो धो येतेय मेल. पन्नास ते पन्नास!"

तेव्हा सांगता आलं असतं की लाइट आली की हे थांबणार. मी म्हणालो, "अभिनंदन साहेब."

संध्याकाळी लाइट आली. त्यानंतर पेणची मेल पुन्हा माझ्याकडे पडू लागली. त्या मुलीच्या नावाची पेटी माझ्या सर्व्हरवर फुगत होती, रोज सकाळी मला दिसायची. मी उघडली नाही. तिलाही कळवलं नाही. मॅनेजर कधी तरी स्वतः फोन करील, आवाज खाली आणून विचारील, याची मी वाट पाहत होतो. आठवडा असा गेला.

फोन आला तो तिचा.

"सर, आमच्याकडे मेलच येत नाय हो. गिऱ्हाइकाने फॅक्स केलाय, तीन मेल टाकल्या म्हणतो, ड्रमची लेबलं बदलायची होती. माल बंदरात गेला जुन्याच लेबलांनी. साहेब म्हणतात मीच मेल पुसल्या. उद्या घरी बसवणार हायत मला."

मी पहिल्या एसटीने पेणला गेलो. तिच्या पेटीतली सगळी मेल फ्लॉपीवर घेऊन.

केबिनमध्ये ती उभी होती. मॅनेजर बसलेला.

"आला रोहा. हिचा वकील काय?"

"साहेब, मेल हिने पुसली नाही. इथे आलीच नाही."

"पहिल्या दिवशी आली ती काय भुताने टाकली?"

मी त्याच्या मशिनवर आमच्या डोमेनच्या एमएक्स नोंदी काढून दाखवल्या. दोन ओळी. रोहा दहा, पेण पन्नास.

"दिसतंय की पन्नास," तो म्हणाला.

मी रोह्याला फोन लावला, ऑपरेटरला सर्व्हरची नेटवर्कची वायर काढायला सांगितली. मग बाहेरच्या फुकट मेलच्या खात्यातून मुलीच्या पत्त्यावर एक ओळ पाठवली. थोड्या वेळाने ती पेणच्या मशिनवर आली. वायर परत लावायला सांगितली, दुसरी ओळ पाठवली. आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत बसलो. आली नाही. फोनवर ऑपरेटर ओरडला, "साहेब, इथं आली, इथं!"

मॅनेजरने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाला, "हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. याच केबिनमध्ये."

"एकदा काहीतरी पुटपुटलास."

त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. "जा, काम कर," एवढंच. म्हणजे नोकरी राहिली. लगेच माझ्याकडे वळला, "आम्हाला पाच कर. आत्ता." मी फॅक्स लिहीत असतानाच रोह्याच्या मालकाचा फोन, ऑपरेटरने तिकडे सगळं सांगितलेलं. "ते पाच करताहेत? मग आपल्याला शून्य कर." मालकाचा आवाज मोठा, मॅनेजरने ते ऐकलं. "शून्याच्या खाली काय असतं?"

"काही नाही."

"मग आम्हालाही शून्य!"

दोघांचा आकडा सारखा असला तर पाठवणारा कुठलाही निवडतो, मेल अर्धी इकडे अर्धी तिकडे पडेल, हे मी सांगितलं. या वेळी तीनदा सांगितलं, तो हो म्हणेपर्यंत. शेवटी पेणला पाच, रोह्याला दहा राहिले, आणि पेणच्या सर्व्हरवरून रोह्याची मेल पुढे पाठवायची असं मीच बसवून दिलं. माझ्या मालकाने त्याबद्दल मला वर्षभर टोमणे मारले.

निघताना तिच्या टेबलावर फ्लॉपी ठेवली. तिने ती मशिनमध्ये घातली, मेलच्या तारखा वाचल्या. लगेच माझ्याकडे बघितलं नाही.

"ह्या तुमच्याकडं पडत होत्या, व्हय?"

"हो."

"आणि तुम्हाला दिसत होत्या?"

"दिसत होत्या."

"मॅनेजर माझ्यावर ओरडतो ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, धरून चालू. पण मेल माझी हाय, हे तर ठाऊक होतं ना? वर माझंच नाव हाय."

मी म्हणालो, मॅनेजर त्या दिवशी जे बोलला त्याचा राग होता.

"मग त्याची मेल अडवायची," ती म्हणाली. "मी तर तुम्हाला पाणी दिलं होतं."

ती कायम झाली. पुढे कित्येक वर्षं कामासाठी आमचं फोनवर बोलणं व्हायचं. मी नाव सांगितलं की ती "बोला" म्हणायची, आणि काम झालं की फोन ठेवायची.