चौदाचं रीडिंग

रसायनशास्त्राच्या बाईंना मुलं पाठीमागे 'गुलाबी बाई' म्हणायची. मुलं ब्युरेटच्या उभ्या काचनळीतून जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडत असताना बाई टेबलाटेबलांमधून फिरत आणि एकच पालुपद लावत, "फिकट गुलाबी दिसला की थांबायचं. फिकट! लग्नाला चाललोय का आपण?" सुरुवातीच्या वर्षांत या वाक्याला त्या स्वतः हसत. पुढे मुलं हसली तरी त्यांना ऐकू येईनासं झालं.

कॉलेजात एकाच प्रयोगशाळेत त्यांचं अर्ध्याहून अधिक आयुष्य गेलं होतं. घरी नवऱ्याचा उजवा हात आणि जीभ आजारपणानंतर जडावलेली. सकाळी त्यांना आंघोळ घालून, शर्टाची बटणं लावून, बाई घराबाहेर पडत तेव्हाच दिवस संपल्यासारख्या दमलेल्या असत.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळीही तसंच झालं. ऑक्झॅलिक ॲसिडची जुनी बाटली संपली होती. बाईंनी कपाटातून नवी काढली, सील फोडलं आणि लिटरला सहा पॉइंट तीन ग्रॅम या सवयीच्या हिशेबाने पांढरी पूड तोलली. लेबलकडे पाहायचं सुचलंच नाही. हा हिशेब झोपेतून उठवून विचारला तरी त्यांनी सांगितला असता: ऑक्झॅलिकचा रेणूभार एकशे सव्वीस, एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणून सममूल्यभार त्रेसष्ट, त्याचा दहावा भाग लिटरभर पाण्यात, की झाली ठरलेली तीव्रता, पॉइंट वन नॉर्मल. फळ्यावर त्यांनी तेवढंच लिहिलं: ऑक्झॅलिक ॲसिड, ०.१ नॉर्मल. परमँगनेटची नॉर्मलिटी काढा, लिटरला किती ग्रॅम ते सांगा.

परमँगनेट त्यांनी आधीच्या आठवड्यात जुन्या ॲसिडवर तपासून ठेवलं होतं. तेही पॉइंट वन. म्हणजे दहा मिली ॲसिडला दहा मिली परमँगनेट. हे उत्तर दरवर्षीचंच. कोणत्या वर्गाला ते ठाऊक नव्हतं?

बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक सर खुर्चीत बसून पेपर तपासत होते. त्यांचंही वय झालेलं, पायाला सूज. तपासता तपासता ते म्हणाले, "बाई, तुमची मुलं हुशार दिसतात. सगळ्यांचं दहा पॉइंट शून्य. ही एकच पोरगी चौदा लिहून बसलीय."

ती पोरगी दुसऱ्या कॉलेजात नापास होऊन यंदा इथून दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली, वर्षभर वर्गात न आलेली, शेवटच्या टेबलावर एकटी. बाई तिच्याजवळ गेल्या आणि जरा चढ्या आवाजातच बोलल्या, "पिपेट धुतली नाहीस ना? की ब्युरेट गळतेय?"

"धुतली बाई. तीनदा केलं. तिन्ही वेळा चौदा."

"मग लिटरला किती आलं?"

"दोन पॉइंट सव्वीस ग्रॅम."

बाईंनी मनात पडताळलं. पॉइंट वनला दहाने गुणलं, चौदाने भागलं, की पॉइंट शून्य सात एक चार. त्याला परमँगनेटच्या सममूल्यभाराने, एकतीस पॉइंट सहाने गुणायचं. गणित चोख होतं. पण उत्तर तीन पॉइंट सोळा यायला हवं होतं. कंटाळूनच त्यांनी पिपेट हातात घेतली. दहा मिली ॲसिड फ्लास्कमध्ये, वर सौम्य सल्फ्युरिक, मग बर्नरवर हाताला सोसवेल न सोसवेल इतकं गरम. जांभळं सोडलं. पहिले थेंब नेहमीप्रमाणे रेंगाळले, मग भराभर विरत गेले. दहाची खूण ओलांडली. फ्लास्क पाण्यासारखा स्वच्छ. बारा. तेरा. चौदावर गुलाबी छटा आली आणि टिकली.

बाईंनी फ्लास्क खाली ठेवला. त्या कपाटाकडे गेल्या, बाटली फिरवून चष्म्याजवळ धरली. नावाखाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं: निर्जल. खाली रेणूभार, नव्वद.

नेहमीच्या ॲसिडच्या स्फटिकात प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात, त्यांचंच वजन छत्तीस. या पुडीत ते पाणी नव्हतंच. नव्वदचे दोन भाग, सममूल्यभार पंचेचाळीस. सहा पॉइंट तीन भागिले पंचेचाळीस, पॉइंट चौदा नॉर्मल. ॲसिड दीडपटीच्या जवळ तीव्र झालेलं. मग पॉइंट चौदा गुणिले दहा, भागिले चौदा. परमँगनेट बरोब्बर पॉइंट वन. हिशेबाचे दोन्ही पाय जमिनीला टेकले.

म्हणजे या खोलीत आज दहाचं रीडिंग कोणालाच येणं शक्य नव्हतं.

बाई परीक्षकांसमोर बाटली ठेवून खुर्चीत बसल्या. "चूक माझी आहे, सर. पण दहा कोणाला आलेलं नाही. सगळ्यांनी लिहिलंय."

सरांनी लेबल वाचलं, हिशेब बोटांवर केला आणि डोळे चोळले. "जाऊ दे ना बाई. झाकली मूठ. फळ्यावर पॉइंट वन आहे, दहाला मार्क देऊ. त्या मुलीलाही देऊन टाकू. आपण तरी काय वेगळं केलं होतं त्या वयात?"

"काही वेगळं नाही केलं," बाई म्हणाल्या. हे खरंच होतं. दहाच्या आसपास थांबा, असं त्यांनीच वर्षभर सांगितलं होतं. त्यांना घरी जायचं होतं. पाय दुखत होते. पण उठल्याशिवाय राहवेना. "परत घेऊ या, सर. माझी चूक मी लिहून देते."

"अहो, माझी पाचची बस आहे!"

"मी चहा सांगते," एवढंच बाई म्हणाल्या.

नव्याने ॲसिड तोलायचं त्राण नव्हतं. त्यांनी फळ्यावरचा आकडा पुसून ०.१४ केला. आतल्या खोलीत सातशे मिली परमँगनेटमध्ये पाणी घालून आठशे केलं आणि बाटल्या भरल्या. पॉइंट वनचे सात अष्टमांश. आता दहा मिलीला सोळा लागणार. हा आकडा फक्त त्यांना आणि सरांना माहीत होता.

मुलांनी कुरकुर केली. मग खोली शांत झाली, वर्षभरात झाली नव्हती इतकी. एकाने सल्फ्युरिक घालायला विसरून फ्लास्कमध्ये तपकिरी चिखल केला. एकीचा रंग गडद जांभळा झाला आणि ती रडवेली झाली. कुणाला पंधरा पॉइंट आठ आलं, कुणाला सोळा पॉइंट तीन. पहिल्यांदाच प्रत्येकाचा आकडा ज्याचा त्याचा होता. चहा संपवून सर निमूटपणे तपासायला बसले. बस गेलीच.

त्या मुलीला परत करायला लावलं नाही. बाई म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. मी उगाच आवाज चढवला."

"मला कुणी दहा सांगितलंच नाही, बाई," ती ब्युरेट धुता धुता म्हणाली. "सांगितलं असतं तर मीही तेच लिहिलं असतं."

बाईंना हसू फुटलं, किती दिवसांनी. "खरं बोललीस. त्याचे मार्क नाहीत हं."

प्राचार्यांनी लेखी समज दिली. ती बाईंनी सही करून घेतली. मुलगी प्रॅक्टिकलमध्ये उत्तम पास झाली, लेखीत कशीबशी.

परीक्षेच्या त्या संध्याकाळी नवऱ्याने दारातच विचारलं, शब्द जुळवत, "आज... उशीर?"

"पाणी नव्हतं."

"नळाला?"

"नाही हो. ॲसिडला."

त्यांना काही कळलं नाही, पण ते एका बाजूने हसले. डाव्या हाताने त्यांनी स्टूल बाईंच्या पायांकडे सरकवलं.

पुढच्या वर्षीपासून बाई प्रत्येक टेबलाला वेगळ्या नॉर्मलिटीचं परमँगनेट देऊ लागल्या. एका बाटलीच्या जागी सहा बाटल्या, सहा हिशेब, आणि सहाही आधी स्वतः तपासायच्या. काम वाढलं, थकवा वाढला. मुलं वैतागून विचारत, "बाई, अंदाजे किती यायला हवं?"

"मला नाही माहीत," त्या सांगत आणि पुढच्या टेबलाकडे वळत.