चौदाशे ब्याण्णव

टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या आमच्या घरात त्या आठवड्यात माझी पाचावर धारण बसली होती. इथल्या कंपनीत नेटवर्क इंजिनियर म्हणून माझा चाचणीचा काळ संपायला चार दिवस होते. नवरा माझ्या व्हिसावर आलेला. माझी नोकरी गेली तर दोघांनाही गाशा गुंडाळून पुण्याला जावं लागणार, हे आम्ही बोलत नव्हतो इतकंच.

नेमकं तेव्हाच ब्रॉडबँड बदललं. त्याची कंपनी नवऱ्याने शोधली, राउटर मी बसवला. सकाळी घरूनच कामाला बसले तर चॅट चालू, बातम्या चालू, पण माझ्या ऑफिसचं ग्राहकांच्या तक्रारींचं पान वरच्या पट्टीपुढे येईना. नुसतं चाक फिरत राहिलं. काही साइट्स अर्ध्या, काही मुळीच नाहीत. फोनचं नेट लॅपटॉपला जोडायची ऑफिसची मनाई. पिंग करून, म्हणजे सर्व्हरला नुसती हाक मारून, पाहिलं तर उत्तर झटकन येत होतं. म्हणून मी शहाणीने आमच्या टीमप्रमुखांना, लीडर-सानना, मेल टाकली की माझं नेट ठीक आहे, सर्व्हर तपासावा. त्यांचं उत्तर आलं की बाकी सगळ्यांना पान दिसतंय.

मग राग निघाला नवऱ्यावर. कुठली भिकार कंपनी आणलीस, म्हणून मी त्याला नको नको ते बोलले. तो बिचारा त्यांच्या हेल्पलाइनवर मोडक्या जपानीत माफी मागत तासभर उभा होता. माफी कशाबद्दल, ते त्यालाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सुचलं. पिंगचं डेटाचं पाकीट छोटं असतं, ते जाणारच. मोठं पाठवून पाहिलं, वाटेत तुकडे करू नका अशी खूण लावून. उत्तरच नाही. आकार कमी करत गेले, तेव्हा हेडर, म्हणजे वरचा पत्ता, धरून चौदाशे चोपन्न बाइटला पाकीट गेलं. या लाइनवर त्याहून मोठं मावतच नव्हतं, आणि मोठं झालंय हा निरोपही परत येत नव्हता, म्हणून भरलेली पानं लटकत होती. राउटरचं सेटिंग उघडलं. तिथे पाकिटाची मर्यादा चौदाशे ब्याण्णव. पुण्यात शेकडो राउटरना घातलेला आकडा, मीच सवयीने टाकलेला. ब्रॉडबँड कंपनीने पाठवलेल्या कागदावर खरा आकडा छापलेला होता; मी तो वाचलाच नव्हता.

आकडा बदलला आणि पान उघडलं. मला रडू आलं.

लीडर-साननी लेखी कारण मागितलं. मी सगळं खरं लिहिलं. शुक्रवारी त्यांनी मला कायम केलं, आणि म्हणाले, "चूक लपवली असती, तर ठेवलं नसतं."

घरी नवऱ्याने विचारलं, काय झालं होतं गं? मी म्हटलं, "लाइनचाच घोळ होता, केला मी नीट."

त्याने मान खाली घातली. "माझंच चुकलं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी तूच निवड."

मी तरीही खरं सांगितलं नाही.